घटकांचे गुण आधी राउंड करायचे की फक्त अंतिम बेरीज? विषयाची श्रेणी काढणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी मार्गदर्शक

अंतर्गत मूल्यमापन आणि सत्रांत परीक्षा यांचे गुण ठरावीक भारांशाने एकत्र करून विषयाची श्रेणी काढण्याचे काम स्वायत्त महाविद्यालयांत आता बहुतेक वेळा विषयशिक्षकाकडेच येते. भारांश किती आणि श्रेणीच्या सीमा कोणत्या, हे नियमावलीत स्पष्ट असते. परंतु अपूर्णांक नेमका कोणत्या पायरीवर राउंड करायचा, हे अनेकदा लिहिलेले नसते. मग एका विभागात प्रत्येक घटकाचे गुण आधी पूर्णांकात आणले जातात आणि शेजारच्या विभागात फक्त शेवटची बेरीज राउंड होते. दोन्हीकडची मंडळी आपली पद्धत सर्वमान्य आहे असे समजून चालतात आणि त्याच कच्च्या गुणांवर दोन वेगळ्या श्रेणी निघू शकतात.

निकालाचे तक्ते तयार करण्याचे आणि नंतर विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरे देण्याचे काम मी केलेले आहे. त्या अनुभवावरून हे टप्पे लिहिले आहेत. खालील विषयाची रचना आणि विद्यार्थी काल्पनिक आहेत, मात्र आकडेमोड खरी आहे आणि ती स्वतः करून पाहता येईल.

सुरुवातीला हाताशी काय हवे

- विषयाचा मंजूर अभ्यासक्रम, ज्यात प्रत्येक घटकाचे कमाल गुण आणि भारांश दिलेले असतात.
- मूल्यमापनाची नियमावली आणि तिच्या संदर्भात परीक्षा विभागाने काढलेली परिपत्रके.
- श्रेणीच्या सीमांचा तक्ता.
- प्रत्येक घटकाचे कच्चे गुण, म्हणजे उत्तरपत्रिकेवर किंवा नोंदवहीत आहेत तसेच. कोणी आधीच ‘२० पैकी’ करून दिलेले नव्हेत.
- एक्सेल किंवा तत्सम स्प्रेडशीट.

१. नियमावलीत चार प्रश्नांची उत्तरे शोधा

राउंडिंगचा नियम वाचताना चार गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्यात. राउंडिंग घटकाच्या पातळीवर करायचे आहे की अंतिम बेरजेवर? ते पूर्णांकापर्यंत करायचे आहे की दशांशापर्यंत? बरोबर अर्धा गुण आला तर तो वर न्यायचा आहे का? आणि श्रेणीची सीमा राउंड केलेल्या बेरजेशी ताडून पाहायची आहे की न केलेल्या? शेवटच्या प्रश्नाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ‘७० व अधिक’ एवढेच लिहिलेले असेल, तर ६९.६ गुणांचे काय करायचे हे त्या वाक्यावरून ठरत नाही.

नियमात यांपैकी एखादे उत्तर नसेल, तर परीक्षा विभागाकडून ते लेखी घ्यावे, आणि तेही परीक्षेपूर्वी. गुण हाती आल्यानंतर पद्धत निवडली, तर कोणाचा फायदा होणार हे माहीत असताना ती निवडली असा आक्षेप येतो आणि त्याला समाधानकारक उत्तर देता येत नाही.

२. कच्चे गुण वेगळ्या रकान्यांत ठेवा आणि त्यांना हात लावू नका

‘३० पैकी २२’ हे गुण २० पैकी करून त्याच सेलमध्ये ‘१५’ लिहिले, की मूळ माहिती गेली. पुढे कोणी विचारले तर त्या १५ वरून मागे २२ वर जाता येत नाही, कारण २३ गुणांचेही राउंड केल्यावर १५ च होतात. म्हणून रूपांतरित गुणांसाठी स्वतंत्र रकाने करावेत. सहकाऱ्याने प्रात्यक्षिकाचे गुण रूपांतरित करून पाठवले असतील, तर मूळ गुण परत मागून घ्यावेत. यात संकोच करण्याचे कारण नाही.

३. दोन्ही पद्धती एका उदाहरणावर चालवून पाहा

समजा, विषयात चार घटक आहेत. मध्यसत्र चाचणी ३० गुणांची असून तिचा भारांश २० टक्के आहे. प्रात्यक्षिक ४० गुणांचे, भारांश २० टक्के. गृहपाठ एकूण ६० गुणांचे, भारांश १० टक्के. सत्रांत परीक्षा ८० गुणांची, भारांश ५० टक्के. बेरीज पूर्णांकात आणल्यावर ७० ते ७९ गुणांना ‘ए’ आणि ६० ते ६९ गुणांना ‘बी प्लस’ श्रेणी मिळते, आणि अर्धा गुण वर जातो.

दोन विद्यार्थी घेऊ.

| घटक | सायली | ओंकार |
|---|---|---|
| मध्यसत्र (३०) | २० | २२ |
| प्रात्यक्षिक (४०) | २९ | २८ |
| गृहपाठ (६०) | ४३ | ४७ |
| सत्रांत (८०) | ५५ | ५३ |

आधी फक्त शेवटी राउंड करण्याची पद्धत. सायलीचे भारित गुण १३.३३, १४.५, ७.१७ आणि ३४.३७५ होतात आणि त्यांची बेरीज ६९.३७५ येते. ओंकारचे १४.६७, १४, ७.८३ आणि ३३.१२५ मिळून ६९.६२५ होतात. राउंड केल्यावर सायलीला ६९ म्हणजे ‘बी प्लस’ आणि ओंकारला ७० म्हणजे ‘ए’ मिळतो.

आता प्रत्येक घटकाची टक्केवारी आधी पूर्णांकात आणू आणि मग भारांश लावू. सायलीच्या टक्केवाऱ्या ६६.६७, ७२.५, ७१.६७ आणि ६८.७५ आहेत. त्या सगळ्याच वर जातात आणि ६७, ७३, ७२ आणि ६९ होतात. भारांश लावल्यावर १३.४, १४.६, ७.२ आणि ३४.५ मिळून ६९.७, म्हणजे ७०. ओंकारच्या टक्केवाऱ्या ७३.३३, ७०, ७८.३३ आणि ६६.२५ आहेत. प्रात्यक्षिकाचे ७० तसेच राहतात आणि बाकीच्या तिन्ही खाली येऊन ७३, ७८ आणि ६६ होतात. भारांश लावल्यावर १४.६, १४, ७.८ आणि ३३ मिळून ६९.४, म्हणजे ६९.

श्रेणींची अदलाबदल झाली. मूळ गुणांत ओंकार पाव गुणाने पुढे होता. घटक आधी राउंड केल्यावर तो ०.३ गुणाने मागे पडला. ‘राउंडिंगमुळे विद्यार्थ्याचा फायदाच होतो, मग कुठेही केले तर काय बिघडते’ हा युक्तिवाद विभागाच्या बैठकीत हमखास ऐकू येतो. त्याला ओंकारचे गुण हे पुरेसे उत्तर आहे.

४. फरक जास्तीत जास्त किती पडू शकतो ते समजून घ्या

‘घटक आधी राउंड करणे’ या नावाखाली प्रत्यक्षात दोन वेगळ्या गोष्टी चालतात आणि त्यांचा परिणाम सारखा नसतो.

पहिली वर दाखवलेली: १०० पैकी टक्केवारी राउंड करून नंतर भारांश लावणे. येथे प्रत्येक घटकातील चूक अर्ध्या गुणाहून जास्त नसते आणि तिलाही भारांश लागतो. सगळ्या भारांशांची बेरीज १०० टक्के असल्यामुळे, घटक चार असोत वा दहा, एकूण बेरीज अर्ध्या गुणाहून जास्त हलत नाही. त्यानंतर अंतिम राउंडिंग होते. म्हणून दोन पद्धतींच्या पूर्णांकी निकालांत फार तर एका गुणाचा फरक पडतो.

दुसरी पद्धत अधिक प्रचलित आणि अधिक धोक्याची आहे. तीत आधी भारांश लावला जातो, म्हणजे ३० पैकी गुणांचे २० पैकी केले जातात, आणि ते रूपांतरित गुण राउंड होतात. येथे चुकीला भारांश लागतच नाही. प्रत्येक घटक अर्ध्या गुणापर्यंत पूर्ण ताकदीने बेरीज हलवतो आणि चार घटक मिळून दोन गुणांपर्यंत फरक पडू शकतो. दहा छोट्या चाचण्यांचे गुण असे वेगवेगळे राउंड केले, तर ही मर्यादा पाच गुणांपर्यंत जाते.

याचे उदाहरण फार शोधावे लागत नाही. एका विद्यार्थिनीला मध्यसत्रात २२, प्रात्यक्षिकात २७, गृहपाठात ४५ आणि सत्रांत परीक्षेत ५२ गुण आहेत. भारित गुण १४.६७, १३.५, ७.५ आणि ३२.५; बेरीज ६८.१७, म्हणजे ६८. टक्केवारी आधी राउंड केली तरी ६८.२, म्हणजे ६८ च. परंतु रूपांतरित गुण राउंड केले, की १५, १४, ८ आणि ३३ मिळून थेट ७० होतात. ६९.५ च्या सीमेपासून सव्वा गुणाहून जास्त लांब असलेली विद्यार्थिनी ‘ए’ श्रेणीत जाते.

त्यातही सगळे घटक दोन्ही दिशांना सारखे हलत नाहीत. ४० पैकी गुणांची टक्केवारी काढताना एका गुणाचे अडीच टक्के होतात. म्हणून उत्तर एकतर पूर्णांक येते किंवा बरोबर अर्ध्यावर थांबते आणि अर्धा नेहमी वर जातो. या घटकात राउंडिंगने कोणाचेही नुकसान होत नाही. विषम गुण असलेल्यांचा फायदा होतो आणि सम गुण असलेल्यांना काही मिळत नाही. ३० किंवा ६० पैकी गुणांत मात्र एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश असे अपूर्णांक येतात आणि ते एकमेकांना तोलून धरतात. ४० ऐवजी ३० गुणांचे प्रात्यक्षिक घेतले असते तर काही विद्यार्थ्यांची श्रेणी बदलली असती, हे कोणत्याही शैक्षणिक कारणाने समर्थनीय ठरत नाही. म्हणूनच नियम मोकळा ठेवत असेल, तेथे फक्त शेवटी आणि एकदाच राउंड करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

५. सूत्र लिहा

कच्चे गुण अनुक्रमे B, C, D आणि E रकान्यांत आहेत असे धरू. शेवटी राउंड करण्यासाठी दोन रकाने पुरतात:

```
F2:  =B2/30*20 + C2/40*20 + D2/60*10 + E2/80*50
G2:  =ROUND(F2,0)
```

श्रेणीचे सूत्र नेहमी G रकान्यावर लिहावे, F वर नाही. तुलनेसाठी टक्केवारी आधी राउंड करण्याचे सूत्र हवे असेल तर ते असे:

```
H2:  =ROUND(ROUND(B2/30*100,0)*0.2 + ROUND(C2/40*100,0)*0.2
     + ROUND(D2/60*100,0)*0.1 + ROUND(E2/80*100,0)*0.5, 0)
```

अपूर्णांक पूर्ण टाळण्याचीही एक सोय आहे आणि मला ती फार उपयोगी वाटते. या विषयात एका कच्च्या गुणाचे मूल्य मध्यसत्रात दोन तृतीयांश, प्रात्यक्षिकात अर्धा, गृहपाठात एक षष्ठांश आणि सत्रांत परीक्षेत पाच अष्टमांश भारित गुण आहे. या सगळ्यांचा समान छेद २४ येतो. म्हणून बेरीज अशी लिहिता येते:

```
F2:  =(16*B2 + 12*C2 + 4*D2 + 15*E2)/24
```

कंसातील संख्या नेहमी पूर्णांक असते. ६९.५ ची सीमा म्हणजे १६६८. सायलीचे १६६५ होतात आणि ओंकारचे १६७१. कोण सीमेच्या किती अलीकडे किंवा पलीकडे आहे हे दशांशाशिवाय दिसते आणि विद्यार्थ्याला समजावणेही सोपे जाते. परीक्षक अर्धे गुण देत असतील, तर सगळे आकडे दुप्पट करून छेद ४८ घ्यावा.

६. नेहमीच्या तीन फसगती

पहिली फसगत दिसण्यातली आहे. सेलचे स्वरूप ‘शून्य दशांश’ असे ठेवले, तर ६९.६२५ ही संख्या पडद्यावर आणि छापील प्रतीत ७० दिसते. आत मात्र ६९.६२५ च राहते. श्रेणीचे सूत्र त्या सेलवर असेल, तर ७० गुणांसमोर ‘बी प्लस’ छापून येते आणि विद्यार्थी योग्य तोच प्रश्न विचारतो. हे ओळखण्यासाठी तक्त्याचे सगळे दशांश उघडून पाहावेत. स्वरूप बदलल्यावर आकडा बदलत असेल, तर तो राउंड झालेला नाही.

दुसरी फसगत दोनदा राउंड होण्याची. एखाद्याचे गुण २१, ३०, ४४ आणि ५३ असतील, तर बेरीज ६९.४५८ होते आणि ती ६९ वर थांबायला हवी. विभागाने ती एका दशांशापर्यंत राउंड करून ६९.५ अशी पाठवली आणि परीक्षा विभागाने तिचे पुन्हा राउंडिंग केले, तर ७० होतात. दोन्ही कार्यालयांनी आपापले काम बिनचूक केलेले असते, म्हणून ही चूक पडताळणीत सापडत नाही. पुढे पाठवायची बेरीज एकतर पूर्ण दशांशांसह पाठवावी किंवा अंतिम पूर्णांकात. मधल्या अवस्थेत पाठवू नये.

तिसरी फसगत साधनांची. एक्सेलचे `ROUND` अर्ध्याला वर नेते. पायथन भाषेतील `round()` मात्र अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेते. तेथे `round(74.5)` चे उत्तर ७४ येते आणि `round(69.5)` चे ७०. श्रेणीच्या सगळ्या सीमा दहाच्या पटीत असतील, तर अंतिम राउंडिंगमध्ये हा भेद श्रेणी बदलत नाही, कारण ६९.५, ७९.५ यांच्या वरची संख्या समच असते. परंतु एखादी सीमा ५५ किंवा ७५ असेल, तर ५४.५ आणि ७४.५ गुण असलेल्यांची श्रेणी एका साधनात एक आणि दुसऱ्यात दुसरी निघेल. निकालाची प्रणाली बाहेरच्या कोणी बनवलेली असेल, तर मुद्दाम असे अर्ध्यावरचे गुण भरून तिची चाचणी घ्यावी.

७. सीमेवरची नावे वेगळी काढा

तक्ता पूर्ण झाल्यावर G आणि H या रकान्यांतील फरकाचा एक रकाना करावा आणि दोन्ही पद्धतींत श्रेणी वेगळी येणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी काढावी. या यादीचा उपयोग पद्धत बदलण्यासाठी नाही. या मुलांच्या कच्च्या गुणांची नोंद, उत्तरपत्रिकेची बेरीज आणि भारांश पुन्हा तपासले जावेत, एवढ्याचसाठी ती आहे. सायलीच्या प्रकरणात सत्रांत परीक्षेत एक गुण मोजायचा राहून गेला असेल, तर बेरीज बरोबर ६९.३७५ वरून ७० होते. अशी चूक निकालापूर्वीच सापडलेली बरी.

राउंडिंग आणि सवलतीचे गुण या दोन गोष्टीही येथे वेगळ्या ठेवाव्यात. सवलतीच्या गुणांना स्वतंत्र नियम असतो आणि त्यांची नोंद स्वतंत्र होते. ‘अर्ध्या गुणासाठी अडकलाय’ म्हणून एखाद्याच्या घटकाचे गुण हाताने वर नेणे हे राउंडिंग नव्हे.

एका घटकात स्वतंत्र उत्तीर्णतेची अट असेल, तर तेथे त्या घटकाच्या राउंडिंगचा प्रश्न वेगळा उभा राहतो. ८० पैकी ४० टक्के म्हणजे ३२ गुण हवे असतील, तर ३१.५ चे ३२ होतात की नाही, हे अंतिम बेरजेच्या नियमावरून ठरवू नये. त्याचे उत्तर नियमावलीतच शोधावे.

८. एका गुणाचा पुढे काय परिणाम होतो ते विद्यार्थ्याला दाखवा

श्रेयांक पद्धतीत श्रेणी हेच एक मोठे राउंडिंग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा अंकी श्रेणीत ‘ए’ ला ८ आणि ‘बी प्लस’ ला ७ श्रेणीगुण मिळतात. विषय चार श्रेयांकांचा आणि सत्र वीस श्रेयांकांचे असेल, तर ६९ च्या जागी ७० आल्याने सत्राची सरासरी एकदम ०.२ ने वाढते. पाव गुणाचा मूळ फरक येथे येईपर्यंत एवढा फुगलेला असतो.

त्यापुढील पायरीवर, म्हणजे सत्रांच्या सरासऱ्यांवरून एकत्रित सरासरी काढताना, हाच प्रश्न पुन्हा येतो. पण तेथे काळजी कमी करावी. सत्राची सरासरी दोन दशांशांपर्यंत राउंड होत असल्याने फरक ०.००५ पेक्षा जास्त पडत नाही. उदाहरणार्थ, बावीस श्रेयांकांच्या तीन सत्रांत १४२, १६४ आणि १५६ श्रेयगुण असतील, तर एकूण ४६२ भागिले ६६, म्हणजे बरोबर ७ येतात. छापील सरासऱ्या ६.४५, ७.४५ आणि ७.०९ घेऊन गणित केले तर ६.९९६७ येतात. ते राउंड केले तर ७.०० च होतात. मात्र कोणी पुढचे दशांश नुसते कापून टाकले, तर गुणपत्रकावर ६.९९ येतील. शिष्यवृत्तीची किंवा प्रवेशाची अट ७.०० असेल, तेव्हा विद्यार्थ्याने छापील सरासऱ्यांवर भांडण्यापेक्षा प्रत्येक सत्राचे श्रेयगुण आणि श्रेयांक मांडून अर्ज करावा.

विषयाच्या श्रेणीबद्दल शंका असलेल्या विद्यार्थ्याने अर्जात आपले घटकनिहाय कच्चे गुण, भारांश, न राउंड केलेली बेरीज आणि नियमाचा क्रमांक या चार गोष्टी लिहाव्यात, आणि ‘राउंडिंग कोणत्या पायरीवर केले आहे’ हा एकच प्रश्न विचारावा. गुण वाढवून देण्याची विनंती त्याच अर्जात केली, तर त्या प्रश्नाचे उत्तर बहुधा मिळत नाही.